दीड दिवसाचा हिशोब: सीए इंटर, दोन्ही ग्रुप, सप्टेंबर २०२५

२० जुलै २०२५, रविवार

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या अभ्यासिकेत सीए इंटरचे दोन्ही ग्रुप एकदम देणारी काही पोरं बसतात. दोन पेपरांमधल्या मोकळ्या वेळाचा तक्ता त्यांच्यासाठी तयार करणं, एवढंच हे काम. विषय शिकवणं यात नाही. आता जे येतंय ते परीक्षेच्या बारा दिवसांत कसं टिकवायचं आणि शेवटच्या पेपरपर्यंत डोकं व हात शाबूत कसे ठेवायचे, हे पाहायचंय.

तारखा अशा. पहिला ग्रुप ४, ७ आणि ९ सप्टेंबर: अ‍ॅडव्हान्स्ड अकाउंटिंग, लॉ, टॅक्स. दुसरा ग्रुप ११, १३ आणि १५: कॉस्टिंग, ऑडिट, एफएम-एसएम म्हणजे फायनान्शियल आणि स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट. वेळ दुपारी २ ते ५, प्रश्नपत्रिका वाचायला त्याआधी १:४५ पासूनची पंधरा मिनिटं. ४ ते ७ हे एक अंतर मोठं आहे, बाकी सगळीकडे मध्ये एकच पूर्ण दिवस.

सीएच्या जगात याला ‘दीड दिवस’ म्हणतात. या शब्दामुळे पोरांची फसगत होते, कारण ती दीड दिवस म्हणजे छत्तीस तास धरतात आणि त्यात पूर्ण पुस्तक बसवायला जातात. घड्याळाने मोजू. ९ तारखेला पाच वाजता पेपर संपतो, ११ तारखेला एक वाजता केंद्राच्या दारात उभं राहायचंय. म्हणजे चव्वेचाळीस तास. दोन रात्रींची सात-सात तास झोप काढली की तीस उरले. ९ च्या संध्याकाळचे पाच ते साडेआठ अभ्यासाचे नाहीतच: उत्तरपत्रिका गोळा होईपर्यंत सव्वापाच, रिक्षा-स्कूटरने घरी सहा, मग आंघोळ, जेवण, आडवं पडणं. मधल्या दिवसाचं जेवणखाण, आवराआवर आणि अकराच्या सकाळची तयारी-प्रवास मिळून पाचेक तास. आणि कोणीही तीन तास सलग बसत नाही, दर पन्नास मिनिटांनी दहा मिनिटं जातातच.

हाती येतात ते साधारण सतरा तास: ९ च्या रात्री दोन, १० ला अकरा, ११ च्या सकाळी चार. त्यातले तीन कोरे सोडायचे, कारण वीज जाते, पाहुणे येतात, एखादा धडा अडून बसतो. आखणी चौदा तासांची. विषय चौदा तासांत मावत नसेल तर झोप कापायची नाही, विषय कापायचा.

२७ जुलै, रविवार

आज कॉस्टिंगवर हात टाकला, कारण त्याच्या आधीचा पेपर टॅक्स, आणि टॅक्सनंतर सगळ्यात जास्त थकवा येतो.

पुस्तक चौदा तासांत वाचून होत नाही, पण निवडलेली गणितं पाहून होतात. प्रत्येक धड्यातून अशी गणितं काढायची की ज्यात एक तरी वेगळी अडचण आहे. एकाच साच्याची पाच गणितं असतील तर एक ठेवायचं. असं केल्यावर मटेरियल कॉस्टपासून बजेटपर्यंत सगळे धडे मिळून शंभरच्या आसपास गणितं राहतात. प्रत्येकाला चार मिनिटं म्हणजे चारशे मिनिटं, पावणेसात तास. थिअरीला दोन, फॉर्म्युल्यांना एक, एमसीक्यूला दीड, एका एमटीपीवर, म्हणजे मॉक टेस्ट पेपरवर, नजर टाकायला एक. सव्वाबारा तास झाले. बसतं.

आता चार मिनिटांत गणित ‘पाहणं’ म्हणजे काय, ते ठरवलं पाहिजे, नाहीतर एक जण वीस मिनिटं सोडवत बसतो आणि दुसरा उत्तर वाचून मान डोलावतो. प्रोसेस कॉस्टिंगचं एक साधं उदाहरण घेऊ. १०,००० युनिट आत गेले, नॉर्मल लॉस ५ टक्के, बाहेर आले ९,२००. एकूण खर्च १,९५,००० रुपये, स्क्रॅप १० रुपये युनिट. उत्तर झाकून पहिली पायरी तोंडी बोलायची: नॉर्मल लॉस ५००, त्याची स्क्रॅप किंमत ५,००० खर्चातून वजा, राहिले १,९०,०००, भागिले ९,५००, म्हणजे २० रुपये युनिट. मग कुठे घसरायला होतं तेवढंच बघायचं: अ‍ॅबनॉर्मल लॉस ३०० युनिट, त्याची किंमत वीसच्या दराने ६,०००. स्क्रॅपचे ३,००० मिळतील, उरलेले ३,००० कॉस्टिंग पीअँडएलला. पोरं इथे अ‍ॅबनॉर्मलची किंमत थेट दहाच्या दराने लावतात, किंवा ९,५०० ऐवजी १०,००० ने भागतात. समासात शिसपेन्सिलीने ‘९,५०० ने भाग’ एवढं लिहिलं की काम झालं. लेजर आखायचं नाही, बेरजा करायच्या नाहीत. अकाउंट काढायची सवय ऑगस्टमध्येच हाताला झालेली असली पाहिजे, ती दीड दिवसात लागत नाही.

३ ऑगस्ट, रविवार

क्रमावर वाद झाला. काहींचं म्हणणं, पहिल्या रात्रीच अवघड धडा उरकला की दुसऱ्या दिवशी मोकळं वाटतं. आमचं मत उलट आहे. तीन तास लिहून आलेला माणूस रात्री साडेआठला स्टँडर्ड कॉस्टिंगचे व्हेरियन्स उघडतो, दोन गणितं अडतात, आणि ‘मला काहीच येत नाही’ हे घेऊन अंथरुणात जातो. झोपही गेली, धडाही गेला.

म्हणून पहिल्या रात्री फक्त ओळखीचं आणि कमी लिहायचं: कॉस्ट शीट, जॉब आणि बॅच, ओव्हरहेडची व्याख्या-वर्गवारी. मधल्या दिवशी सकाळी सात ते साडेअकरा हा सोन्याचा वेळ, तिथे प्रोसेस, स्टँडर्ड, मार्जिनल. दुपारी सर्व्हिस, जॉइंट प्रॉडक्ट, बजेट. संध्याकाळी थिअरी, रात्री एमसीक्यू. पेपरच्या सकाळी नवीन काहीही नाही, फक्त समासात खुणा केलेली गणितं आणि फॉर्म्युल्यांचा कागद. अकरानंतर वही बंद.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

मंगळवारी टॅक्सची आणि गुरुवारी कॉस्टिंगची सराव परीक्षा घेतली, दोन्ही दुपारी दोन ते पाच, मधला बुधवार तक्त्याप्रमाणे. फक्त पेपर सोडवून घेण्यात अर्थ नव्हता. मधली पोकळी चालवून पाहायची होती.

पहिली गोष्ट दिसली ती दुपारच्या झोपेची. बुधवारी दीड वाजता जेवून अडीचला ‘दहा मिनिटं’ आडवे झालेले साडेचारला उठले. शरीराला दुपारी दोन-चारच्या दरम्यान आपोआप सुस्ती येते, त्यात पोळी-भात पोटभर झाला की विचारूच नका. आणि आपला पेपर नेमका त्याच वेळात असतो. महिनाभर रोज दोन ते साडेचार झोपणाऱ्याला ४ सप्टेंबरला अडीच वाजता प्रश्नपत्रिकेवर जांभया येणारच. २० ऑगस्टपासून सगळ्यांनी दोन ते पाच खुर्चीत बसून लिहायचं. डोळा लागतच असेल तर जेवणाआधी, साडेबाराच्या सुमारास, अलार्म लावून वीस मिनिटं. त्याहून जास्त गेलं तर गाढ झोपेतून उठावं लागतं आणि पुढचा अर्धा तास डोकं जड राहतं.

दुसरी गोष्ट चहा-कॉफी. कॉफीचा अंमल पाच-एक तासांनी जेमतेम निम्मा उतरतो. बुधवारी रात्री नऊला कॉफी घेऊन अकराला झोपायला गेलेल्यांपैकी बहुतेकांनी साडेबारा पाहिले. मधल्या दिवशी संध्याकाळी चारनंतर कॉफी बंद, चहा अर्धा कप चालेल.

तिसरी हाताची. टॅक्सचा पेपर लिहून आल्यावर बुधवारी पुन्हा पानंच्या पानं गणितं उतरवणाऱ्यांचा अंगठा गुरुवारी साडेतीनलाच दुखायला लागला. शेवटच्या प्रश्नाचं अक्षर पाहिलं की कोणाचा हात गेलाय ते लगेच कळतं. मधल्या दिवशी लिखाण एकूण अर्धा तास, त्याहून जास्त नाही. बाकी सगळं तोंडी आणि पेन्सिलीच्या खुणांवर.

२४ ऑगस्ट, रविवार

लॉसाठी वेगळा कागद केला. कंपनी कायदा धड्याप्रमाणे वाचला की आकडे एकमेकांत मिसळतात, म्हणून शेवटच्या सकाळचा कागद धड्यांचा नाही, आकड्यांचा. ‘३० दिवस’ या मथळ्याखाली चार्जची नोंदणी आणि डिव्हिडंड देण्याची मुदत दोन्ही. ‘५ दिवस’खाली जाहीर केलेला डिव्हिडंड वेगळ्या बँक खात्यात भरणं. ‘७ दिवस’खाली न दिलेला डिव्हिडंड अनपेड डिव्हिडंड खात्यात टाकणं, आणि लगेच शेजारी ‘७ वर्षं’, म्हणजे तिथून तो आयईपीएफमध्ये, सरकारच्या गुंतवणूकदार निधीत, जाणं. ‘२१ दिवस’ सभेची नोटीस, तीही क्लिअर, म्हणजे नोटिशीचा आणि सभेचा दिवस सोडून. एका आकड्याखालच्या दोन गोष्टी समोरासमोर दिसल्या की गोंधळ तिथेच सुटतो.

टॅक्सच्या कागदावर सगळ्यात वर ठळक: कर निर्धारण वर्ष २०२५-२६. सध्या घरोघरी ‘बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही’ हेच चाललंय, पण ते पुढच्या वर्षाचं. या पेपरला नव्या रिजीममध्ये पहिला स्लॅब तीन लाखांचा आणि रिबेट सात लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला. भांडवली नफ्यात २३ जुलै २०२४ ही तारीख चौकटीत घालून ठेवलीय, कारण विक्री त्याआधीची की नंतरची यावर दर बदलतो. थकलेल्या डोक्याला ऐकलेलं आधी आठवतं, वाचलेलं नंतर.

३१ ऑगस्ट, रविवार

बडोद्याची खरी अडचण आता. अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला, शनिवारी. लॉचा पेपर ७ ला. रावपुरा, दांडिया बाजार, मांडवी या पट्ट्यात राहणाऱ्यांना त्या दिवशी दुपारपासून मध्यरात्र उलटेपर्यंत ढोल-डीजे, आणि रस्ते बंद. मोठं अंतर मिळालं म्हणून पोरं खूश आहेत, पण त्यातला दुसरा दिवस संध्याकाळनंतर शून्य धरायचा.

म्हणून या अंतराचा तक्ता उलटा केला. एरवी मधल्या दिवसाच्या रात्री जे ठेवलं असतं ते ५ तारखेला पुढे ओढलं. ५ ला बारा तास कंपनी कायदा. ६ ला पहाटे पाच ते दुपारी दोन जनरल क्लॉजेस, इंटरप्रिटेशन, फेमा आणि एमसीक्यू. चारनंतर अभ्यास नाहीच, आणि असला तरी होणार नाही. रावपुऱ्यात राहणाऱ्यांनी ६ ला सकाळीच गोत्री, मांजलपूर, जिथे नातेवाईक असतील तिथे मुक्कामाला जायचं. रात्री नऊला कोणालाच स्कूटर काढून निघणं जमणार नाही. जाताना अ‍ॅडमिट कार्ड, दोन काळी पेनं, कॅल्क्युलेटर आणि आकड्यांचा कागद एकाच पिशवीत, बाकी पुस्तकं घरीच. सगळी पुस्तकं नेली की सगळी उघडली जातात.

ज्यांना जायला जागा नाही त्यांनी कापसाचे बोळे नव्हे, औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे इअरप्लग घ्यावेत आणि ते आजपासून घालून झोपावं. पहिल्या रात्री ते कानात टोचतात, ते टोचणं ६ तारखेला नको.

आयांशी बोललो. एकींनी विचारलं, “आरतीला तरी येऊ दे की त्याला?” काकू, आरतीला अवश्य येऊ द्या, वीस मिनिटांनी काही बिघडत नाही. मिरवणुकीत पाठवू नका.

४ सप्टेंबर, गुरुवार

अकाउंट्सचा पेपर झाला. दाराबाहेर लगेच ‘एमसीक्यू सातव्याचं काय आलं?’ सुरू. नियम आधीच ठरलेला: प्रश्नपत्रिका पाकिटात, पाकीट घरच्यांकडे, १५ तारखेला संध्याकाळी परत. टेलिग्रामवर उत्तरं संध्याकाळीच फिरायला लागतात आणि त्यातली सगळी बरोबरही नसतात. एक चुकलेला एमसीक्यू कळला तर एक-दोन गुण समजले, पण रात्रीचे दोन तास गेले.

७ सप्टेंबर, रविवार

लॉ झाला. मांजलपूरला गेलेले झोपून आले. दांडिया बाजारातले इअरप्लगवाले दोनला झोपले, साडेसातला उठले. चाललं.

९ सप्टेंबर, मंगळवार, रात्र

हीच रात्र सगळ्यात घसरडी. पहिला ग्रुप संपला की ‘निम्मं झालं’ म्हणून अंग सैल पडतं. कोणी सेव-उसळ खायला बाहेर पडतं, साडेदहाला परत येतं, आणि कॉस्टिंगचे दोन तास तिथेच जातात. शिवाय तिखट-तेलकट उसळीने रात्री पोट जळतं ते वेगळंच. सेव-उसळ १५ तारखेनंतर.

दुसरा धोका टॅक्स वाईट गेलेल्यांचा. एक जण म्हणतो, पहिला ग्रुप गेलाच, आता दुसऱ्यावर जोर देऊन काय करू. गणित असं आहे. दोन्ही ग्रुप एकत्र देणाऱ्याला प्रत्येक पेपरात ४० आणि सहाशेपैकी ३०० मिळाले तर दोन्ही सुटतात, म्हणजे पहिल्या ग्रुपची तूट दुसरा भरून काढू शकतो. आणि पेपरात ६० पडले तर पुढच्या तीन अटेम्प्टपुरता तो विषय सुटतो. टॅक्समध्ये चाळीसच्या खाली गेलात की वर, हे आज रात्री कोणालाच कळणार नाही. निर्णय घ्यायला आजची रात्र नाही. कॉस्ट शीट उघडा.

आठ चाळीसला सुरुवात, साडेदहाला वही बंद. कॉस्ट शीटमध्ये फॅक्टरी कॉस्टच्या आधी डब्ल्यूआयपीचा ओपनिंग-क्लोजिंग फेरफार घालायचा राहतो, त्यावर सगळ्यांनी एकदा बोट ठेवलं.

१० सप्टेंबर, बुधवार

सकाळचा तुकडा ठरल्यापेक्षा पस्तीस मिनिटं लांबला, स्टँडर्ड कॉस्टिंगमध्ये. मिक्स आणि यील्ड व्हेरियन्समध्ये स्टँडर्ड प्रमाण कुठल्या एकूण संख्येला लावायचं, इथे अडले: मिक्ससाठी प्रत्यक्ष वापरलेल्या एकूण मालाला, यील्डसाठी प्रत्यक्ष उत्पादनाला लागायला हवा होता त्या मालाला. हे कोऱ्या ठेवलेल्या तीन तासांतून घेतलं. तेवढ्यासाठीच ते ठेवलेत. अशा वेळी पोरं जेवणाची सुट्टी कापतात आणि संध्याकाळी पाचला मान टाकतात.

दुपारी दोन ते पाच सगळे खुर्चीत. साडेपाचला वीस मिनिटं चालणं, सूरसागराला एक फेरी, फोन न घेता. रात्री एमसीक्यूमध्ये एक खूण लक्षात ठेवायची: तोच प्रश्न दोनदा वाचूनही शब्द आत जात नसतील तर झोपायची वेळ झालीय, दहा वाजले असोत वा नसोत.

११ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी सहा ते सव्वादहा, दोन छोट्या विश्रांतीसह, खुणा केलेली गणितं आणि फॉर्म्युले. सव्वाअकराला जेवण: दही-भात, किंवा दोन फुलके आणि दुधी. भात नेहमीच्या निम्मा. पाणी थोडं थोडं, कारण तीन तासांत बाहेर जायचं म्हणजे पाच-सात मिनिटं गेली. साडेबाराला निघणं.

१३ सप्टेंबर, शनिवार

ऑडिट. इथे गणित नाही म्हणून पोरं मधला दिवस ढिला सोडतात, आणि रात्री अकराला कळतं की एसएचे, म्हणजे ऑडिटच्या स्टँडर्ड्सचे, नंबर आणि नावं जुळत नाहीत. पहिल्या रात्री फक्त एसएची यादी, मधला दिवस प्रश्नोत्तरांना. लिखाण भरपूर असल्याने हाताला आदल्या दिवशी पूर्ण सुट्टी.

१५ सप्टेंबर, सोमवार

एफएम आणि एसएम, पन्नास-पन्नास गुणांचे दोन भाग. १३ च्या रात्री एसएम, १४ ला दिवसभर एफएम, आज सकाळी पुन्हा एसएम. एफएमची गणितं सकाळी उघडली की एखादं अडतं आणि तेच डोक्यात घेऊन माणूस केंद्रावर जातो, तर एसएमचे शब्द दोन दिवसांत उडून जातात. म्हणून वाचायचा भाग दोन्ही टोकांना.

संध्याकाळी पाकिटं परत दिली. गणितांच्या याद्या, आकड्यांचे कागद आणि मोजलेले तास अभ्यासिकेच्या कपाटात ठेवलेत. जानेवारीच्या मालिकेचा कोरा तक्ताही आखला. त्यात १४ आणि १५ तारखेच्या रकान्यांत, उत्तरायण आणि वासी उत्तरायण, ‘गच्चीवरचे स्पीकर, संध्याकाळ शून्य धरा’ असं आधीच लिहून टाकलंय.